चौघांची एक वेळ

आमच्या हॉस्पिटलात तिला सगळे स्लॉटताई म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावरच. सुरुवातीला एका डॉक्टरांनी गमतीने हाक मारली आणि ती चिकटली. तिला त्याचं काही वाटत नसे. "माझ्या सासूबाईंना माझं नाव आठवतं, तेवढं पुरे," म्हणायची.

काम तिचं मुलाखती जमवायचं. तीनशे खाटांचं हॉस्पिटल, सतत कोणीतरी सोडून जातंय, कोणीतरी यायचंय. प्रत्येक जागेसाठी मुलाखतीचं पॅनल बसतं, आणि पॅनलमधल्या सगळ्यांना एकाच वेळी एका खोलीत आणून बसवायचं म्हणजे काय असतं ते तिला माहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत दोन टेबलं. खिडकीबाहेर एसीच्या यंत्रांची रांग, त्यामुळे खिडकी कायम बंद. एका टेबलावर ती, दुसऱ्यावर मी. मी हजेरी आणि रजा बघते. सहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींचा डबा खात आलो, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलेलं आहे. जिथे पाहिलेलं नाही तिथे तिने सांगितलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची बदली झाली, सहा तासांच्या अंतरावर. मुलगी तेव्हा दहाची. शाळेचं वर्ष नव्याने सुरू होत होतं, सासूबाई सोबत जायला तयार होत्या, म्हणून मुलगीही तिकडेच गेली. ही इथे एका खोलीत राहिली. "सहा महिन्यांचा प्रश्न आहे," असं तेव्हा ठरलं होतं. आमच्या हॉस्पिटलची तिकडे शाखा आहे. हिने बदलीचा अर्ज केला, तो फिरत फिरत मंजूरही झाला. आदेशाचा कागद तिने मला दाखवला तेव्हा आम्ही खालून चहा मागवला होता. मग मी शेवटची ओळ वाचली. पर्यायी व्यक्ती रुजू झाल्यानंतर कार्यमुक्त करण्यात येईल.

"म्हणजे तुझ्या जागी माणूस घेतला की तू सुटलीस," मी म्हटलं.

"हो. आणि माणूस घ्यायचा तर पॅनल बसवायला हवं."

"ते कोण बसवणार?"

ती हसली. "मीच की."

तेव्हा आम्हाला दोघींनाही ते हसण्यासारखं वाटलं.

पॅनलमध्ये चौघे. अध्यक्ष म्हणजे आमचे साहेब, मनुष्यबळ विभागाचे प्रमुख. दुसऱ्या मेट्रन. तिसरे सर्जन, कारण या पदावरच्या माणसाचा डॉक्टरांशी रोजचा संबंध. आणि चौथे बाहेरचे सदस्य, एक निवृत्त प्राध्यापक. चौघांपैकी तीन असले तरी चालतं, पण अध्यक्ष आणि बाहेरचे सदस्य त्यात हवेतच. तसा नियम आहे.

पहिला निरोप तिने फार मनापासून लिहिला. तीन परिच्छेद. पदाचं महत्त्व, आदेशाचा क्रमांक, आणि शेवटी, "आपल्या व्यस्त दिनक्रमातून पुढील दोन आठवड्यांत आपणास सोयीची वेळ कळवल्यास आभारी राहीन." इतर विभागांसाठी ती असं कधीच लिहीत नसे. स्वतःचं काम निघालं की माणूस जास्तीचं वाकतो.

सर्जनांचं उत्तर आलं: "सोम-बुध-शुक्र सोडून कधीही." मेट्रननी लिहिलं: "चालेल." काय चालेल ते लिहिलं नाही. साहेबांनी लिहिलं: "बोलू." प्राध्यापक निरोप उघडतच नाहीत, त्यांना फोन करावा लागतो. फोनवर ते म्हणाले, "मंगळवारी सकाळी येतो." तिने सर्जनांना मंगळवार कळवला, तोवर त्यांचा मंगळवार विद्यार्थ्यांच्या वर्गाने भरला होता. गुरुवार काढला तर प्राध्यापकांची डोळ्यांची तपासणी. चौथ्या माणसाचं उत्तर येईपर्यंत पहिल्याची वेळ शिळी व्हायची. असे पाच आठवडे गेले.

शेवटी एका शनिवारी सकाळी अकराची वेळ जमली. तीन उमेदवार बोलावले. प्राध्यापक साडेदहालाच येऊन बाकावर बसले, मांडीवर कापडी पिशवी. पावणेअकराला अपघाताचे तीन रुग्ण एकदम आले आणि सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. मेट्रन त्यांच्या मागोमाग. राहिले दोघे. साहेब दहा मिनिटं खोलीत बसले, मग घड्याळ बघून उठले. "कोरम नाही. पुन्हा ठरवा."

प्राध्यापक साडेबारापर्यंत थांबले. कोणीतरी येईल असं त्यांना वाटत होतं आणि जा म्हणून सांगायचं धाडस हिला होईना. जाताना ते शांतपणे म्हणाले, "अहो, मी दोन बस बदलून येतो. पुढच्या वेळी आदल्या दिवशी संध्याकाळी मला एक फोन करा. नक्की असेल तरच." आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तीन उमेदवारांपैकी एकाने पुढच्याच आठवड्यात दुसरीकडे नोकरी धरली. राहिल्या एक बाई आणि एक गृहस्थ.

शाखेतून फोन आला तो त्यानंतर. तिकडचे लोक भले होते, पण त्यांचीही अडचण होती. जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवू, नंतर दुसऱ्याला द्यावी लागेल, म्हणाले. त्या दिवशी तारीख सहा होती.

दुपारी डबा खाताना तिच्या मुलीचा रोज फोन यायचा. शाळेतून आल्या आल्या. पूर्वी ती गोष्टी सांगायची, मैत्रिणी, भांडणं, गणिताच्या बाई. हल्ली एकच प्रश्न. "आई, तारीख ठरली?"

"ठरतेय गं."

"तू मागच्या वेळी पण हेच म्हणालीस. एक तारीख सांग ना. चुकीची असली तरी चालेल."

हिने घास हातातच ठेवून एक तारीख सांगितली. तीस. फोन ठेवल्यावर तो घास तिने डब्यात परत टाकला. दुसऱ्या कोणाच्या घरात बोलायला आपल्याला शब्द कुठे असतात?

त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रजेचा तक्ता बघितला, मग पेन खाली ठेवून म्हणाले, "स्लॉटताईंचं काम तुम्ही बघाल का थोडे दिवस? तात्पुरता कार्यभार. तो दिला तर त्यांना लगेच सोडता येईल." मी विचार करायला थांबलेही नाही. म्हटलं, "साहेब, माझ्याच कामाला मला हात पुरत नाहीत." ते म्हणाले, "मलाही तेच वाटलं होतं." मी टेबलावर परत आले. ती फोनवर कोणाला तरी खोलीचा नंबर सांगत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

तिला मार्ग दाखवला तो मेट्रननी. ही वॉर्डात त्यांना गाठायला गेली होती, आठव्यांदा. मेट्रन औषधांच्या ट्रॉलीजवळ उभ्या होत्या.

"मेट्रन मॅडम, तुम्हाला कधी सोयीचं पडेल?"

"अगं, तू हे असं विचारतेस म्हणून घोळ होतो," मेट्रन म्हणाल्या. "मी पेशंटला विचारते का, गोळी कधी घ्याल? आठला आणि आठला. नसेल जमत तर तो बोलतो. नव्या डॉक्टरांच्या मुलाखती जमवतेस तेव्हा किती फटकन लिहितेस! स्वतःच्या कामाला काय झालं?"

"मागितल्यासारखं वाटतं."

"मग माग. पण नीट माग."

ती खाली आली आणि दोन दिवस कोणालाच निरोप धाडला नाही. त्याऐवजी चौघांच्या वेळा तिने कागदावर मांडल्या. कोण काय म्हणतं ते बाजूला ठेवून कोण खरं कुठे असतं ते. सर्जन सोमवार, बुधवार, शुक्रवार थिएटरमध्ये, मंगळवार-गुरुवार अकरापासून बाह्यरुग्ण विभागात. मंगळवारचा वर्ग एकाआड एक आठवडा. मेट्रनची फेरी साडेआठला संपते, दोनला पाळी बदलते, त्यामुळे मधली सकाळ मोकळी. साहेबांची मंगळवारी दहाला व्यवस्थापनाची बैठक. प्राध्यापकांची बस साडेआठला पोचते आणि जेवायला त्यांना घरी जायचं असतं. दोनच उमेदवार, प्रत्येकी अर्धा तास, शेवटी पंधरा मिनिटं चर्चेला. सव्वा तास हवा. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमारास तिने कागद माझ्यापुढे धरला. दोन आठवड्यांत सव्वा तासाची भोकं फक्त दोन होती.

मग तिने हॉस्पिटलातल्या तिघांच्या कॉम्प्युटरवरच्या कॅलेंडरवर ती दोन्ही भोकं तात्पुरती अडवली आणि निरोप लिहिला. लिहायला तिला तासभर लागला, कारण ती शब्द काढत होती. "आपल्या व्यस्त दिनक्रमातून" काढलं. "कृपया" एकदाच ठेवलं. एका क्षणी तिने प्रत पाठवायच्या जागी संचालकांचं नाव घातलं, बघत बसली, आणि खोडलं. "तक्रार वाटेल," म्हणाली. शेवटी उरलं ते हे:

"विषय: मुलाखत समन्वयक पद, पॅनलची वेळ. उत्तर उद्या दुपारी ४ पर्यंत.

दोन उमेदवार, एकूण सव्वा तास, दुसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली.

अ) मंगळवार १४, सकाळी ८.४५ ते १०.००
ब) गुरुवार १६, सकाळी ९.१५ ते १०.३०

कृपया जमणारं अक्षर कळवा: अ, ब किंवा दोन्ही. दोन्ही वेळा आपल्या कॅलेंडरवर धरल्या आहेत. एक पक्की होताच दुसरी सोडेन. बाहेरच्या सदस्यांशी फोनवर बोलले आहे, त्यांना दोन्ही चालतील.

उद्या ४ वाजता कोरम होणारी वेळ पक्की करून उमेदवारांना कळवेन. अध्यक्षांना दोन्ही वेळा शक्य नसल्यास नियमाप्रमाणे त्यांनी प्रतिनिधीचं नाव लेखी द्यावं."

शेवटच्या वाक्यावर माझं बोट गेलं. "हे साहेबांना झोंबेल."

"नियमात आहे."

"नियमात आहे गं, पण आजवर कोणी लिहिलंय का?"

तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं. खरंच मिटले, इंजेक्शन घेताना मिटतात तसे.

सर्जनांचं उत्तर चार मिनिटांत आलं. "ब." मेट्रनचं दहा मिनिटांत. "ब." पाच आठवडे जे जमत नव्हतं ते दहा मिनिटांत तीन चतुर्थांश जमलं. ती खुर्चीत मागे रेलली. मग स्क्रीनकडे बघता बघता पुन्हा ताठ झाली.

"इकडे ये," म्हणाली.

साहेबांच्या कॅलेंडरवर गुरुवारी, तिने धरलेल्या वेळेच्या अगदी वर, नवा चौकोन उमटला होता. नऊ ते अकरा. "आढावा." तिने त्यावर टिचकी मारली. बैठकीला बोलावलेले लोक: एक. साहेब स्वतः.

"एकट्याचा आढावा," मी म्हटलं, पण हसू आलं नाही. तिने मागचे आठवडे उघडले. तिच्या प्रत्येक निरोपानंतर, ती ज्या वेळेबद्दल विचारे त्या वेळेवर, असाच एक चौकोन होता. फक्त तो शनिवार सुटला होता, आणि तो दुसऱ्या कारणाने बुडाला. तिने शांतपणे ते सगळं बंद केलं. "म्हणजे दार आतून लावलेलं होतं," म्हणाली, "आणि मी बाहेरून किल्ल्या लावून बघतेय."

दुसऱ्या दिवशी चार वाजायला दहा मिनिटं असताना साहेबांनी तिला बोलावलं. केबिनचं दार अर्धं उघडं होतं आणि फायली द्यायच्या निमित्ताने मी दारातच होते.

"प्रतिनिधी म्हणजे काय लिहिलंय तुम्ही?" साहेब म्हणाले.

"नियम आहे साहेब. म्हणून लिहिलं."

"मी इतकी वर्षं इथे आहे, मला नियम शिकवता?" मग त्यांचा आवाज उतरला. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मला इथे सांगायलाच हवं. तिच्या मुलीच्या शाळाप्रवेशासाठी त्यांनी स्वतः पत्र दिलं होतं. "अहो, तुम्ही गेलात तर हे सगळं कोण बघणार? तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. डॉक्टर लोक तुमचंच ऐकतात."

"तेच तर ठरवायचंय साहेब, कोण बघणार. त्यासाठीच वेळ मागतेय."

"घाई काय आहे?"

"गुरुवारी तुमचा आढावा आहे, तो कोणाबरोबर आहे?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माऊस ओढला, दोनदा टिचकी मारली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "ब."

टेबलावर येऊन तिने ब पक्की केली. मंगळवारचा अडवलेला वेळ तिघांच्या कॅलेंडरवरून काढला, खोली नोंदवली, दोन्ही उमेदवारांना कळवलं. बुधवारी संध्याकाळी प्राध्यापकांना फोन केला. "नक्की?" त्यांनी विचारलं. "नक्की," ती म्हणाली.

गुरुवारी चौघेही आले. सर्जन सव्वानऊला दोन मिनिटं कमी असताना, हातात कॉफीचा कप. "स्लॉटताई, तुमच्या जागी माणूस घ्यायला तुम्हीच बोलावता, आणि आम्ही वेळेवर येतो. मोठेपणा बघा आमचा!" ती हसली. मला वाटलं, झालं. सुटली.

पहिली मुलाखत गृहस्थांची. उमेदवार बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, आमच्या खोलीच्या दारासमोरच. एका शाळेच्या कार्यालयात त्यांची मुदतीची नेमणूक होती, ती आठवड्यात संपत होती, म्हणजे त्या लगेच रुजू होऊ शकत होत्या. हुशार दिसत होत्या. ही त्यांना पाणी द्यायला गेली.

"तुमचीच जागा ना ही?" बाईंनी विचारलं. "तुम्ही का सोडताय?"

"बदली झालीय. घरचे तिकडे आहेत."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "आणि तुम्ही अजून इथे? माझं लहान मूल आहे, नवऱ्याची फिरतीची नोकरी आहे, म्हणून विचारते. खरं सांगा. इथून निघता येतं का?"

मी टेबलावरून बघत होते. तिने हो म्हणायचं होतं, बस्स. येतं की, का नाही येणार. एवढ्या एका शब्दावर तिची तीस तारीख उभी होती.

"काम चांगलं आहे," ती म्हणाली. "माणसंही चांगली आहेत. पण नेमणुकीच्या पत्रात एक ओळ येते, पर्यायी व्यक्ती मिळेपर्यंत सोडणार नाही अशी. ती आधीच काढून घ्या. नंतर निघत नाही."

आत गेल्यावर बाईंनी नेमकं तेच विचारलं. प्राध्यापक म्हणाले, मागणी रास्त आहे. साहेब म्हणाले, आधी रुजू तर व्हा, मग बघू. निवड झाली ती बाईंची, चौघांच्या एकमताने. गृहस्थ प्रतीक्षायादीवर. पत्र शुक्रवारी गेलं, ओळीसकट. सोमवारी बाईंचा फोन आला. आभार मानून त्यांनी नाही म्हटलं.

स्लॉटताईने फोन ठेवला आणि दोन्ही तळवे टेबलावर पसरून बसली. "मी तोंड बंद ठेवलं असतं, तर आज तिचं हजेरीपत्रक तुझ्याकडे आलं असतं."

"मग बोललीस कशाला?"

"तिने विचारलं गं."

प्रतीक्षायादीवरच्या गृहस्थांनी होकार दिला, पण त्यांना आधीच्या ठिकाणी दोन महिन्यांची नोटीस होती. शाखा महिनाअखेरच्या पुढे थांबणार नव्हती. दुपारी मुलीचा फोन आला तेव्हा तिने तो उचलला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. फोन टेबलावर थरथरत सरकत गेला, माझ्या टेबलाच्या कडेपर्यंत, आणि मग थांबला. ती त्याच्याकडे बघत होती. बंद खिडकीबाहेर यंत्रं घरघरत होती.

मी उठले. साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "दोन महिन्यांचाच प्रश्न असेल तर मी बघते."

"तुम्हाला हात पुरत नाहीत म्हणाला होतात."

"पुरवीन."

साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग तात्पुरत्या कार्यभाराच्या कागदावर सही केली. ती तीस तारखेला दुपारी कार्यमुक्त झाली. जाताना तिने मला चौघांच्या वेळांचा तो कागद दिला, आणि इतर बावीस डॉक्टरांच्या वेळांचे तसलेच बावीस कागद, एका फायलीत लावलेले. मला मिठी मारताना ती रडली. "तू नसतीस तर," म्हणाली. मी तिला पुढचं बोलू दिलं नाही.

दीड महिन्याने त्या गृहस्थांनी येत नसल्याचं कळवलं. आधीच्या ठिकाणीच त्यांना बढती मिळाली होती. जागा पुन्हा जाहीर झाली. आता सकाळी हजेरी आणि दुपारी पॅनल असं माझं चालतं. संध्याकाळी घरी पोचते तेव्हा माझा नवरा, ज्याला कधी चहा करता येत नव्हता, तो चहा करून बसलेला असतो आणि मी काही बोलायच्या आत म्हणतो, "आज कोण आलं नाही?" दोन महिन्यांचे पाच झालेत. तिच्या जागी बसून बघितल्याशिवाय मला कळलं नसतं की दिवसभर दुसऱ्यांच्या वेळा शोधणाऱ्या माणसाकडे स्वतःची अशी पंधरा मिनिटंसुद्धा उरत नाहीत.

मागच्या रविवारी मी तिला फोन केला. तिकडे तिला हेच काम आहे, पण पाचला घरी पोचते. मुलगी आता उंच झालीय, म्हणाली, आणि जरा परक्यासारखी वागते. शाळेतलं सगळं आधी आजीला सांगते, मग हिला. "तिच्याशी ओळख नव्याने करून घेतेय," म्हणाली. "होईल हळूहळू."

मग मी तिला सांगून टाकलं. साहेबांनी मला आधीच विचारलं होतं ते, आणि मी नाही म्हटलं होतं ते. सहा तारखेच्या आसपासच ती सुटू शकली असती.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. आढाव्याचं बोलणं झालं ना, त्या दिवशी साहेबांनीच सांगितलं, बाहेर पडता पडता. तू तोवर फायली ठेवून गेली होतीस."

"मग बोलली का नाहीस मला?"

"सगळ्या हॉस्पिटलकडे वेळ मागत होते गं. तुझ्याकडे मागायची लाज वाटली."

पलीकडून तिच्या मुलीने हाक मारली, काहीतरी सापडत नव्हतं तिला. "आले," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "ठेवते हं, नंतर करते." फोन ठेवला.